उठून जाता येत नाही, तिथे बोलायचं कसं

प्रवासात शेजारच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारण्याबद्दलच्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: “लेख पुरुषाने लिहिलाय हे दुसऱ्याच परिच्छेदात कळतं. म्हणे ‘हेडफोन असले तरी एकदा हटकून बघा’! रात्रीच्या गाडीत किंवा बारा तासांच्या विमानात मी उठून जाऊ तरी कुठे? अनोळखी माणसाशी बोलून बरं वाटतं असं संशोधन सांगतं म्हणता, पण ज्याच्याशी बोललं गेलं त्याला कुणी विचारलं का? मी दमलेली असते. हसून उत्तर देते ते गप्पा हव्यात म्हणून नाही, समोरचा चिडू नये म्हणून.”

हेडफोनचं वाक्य कालच काढून टाकलं. चुकलंच होतं ते. बाकीचं जरा सविस्तर लिहितो, कारण ‘उठून जाऊ कुठे’ ही गोष्ट लेख लिहिताना माझ्या डोक्यातच आली नव्हती आणि खरी मेख तिथेच आहे.

आधी संशोधनाचं. मी ज्याच्या जिवावर एवढं लिहिलं तो निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांचा 2014 सालचा अभ्यास. शिकागोकडे रोज लोकलने जाणाऱ्या काहींना त्यांनी शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला, काहींना नेहमीसारखं वागायला. बोललेल्यांचा प्रवास जास्त छान झाला, आणि गंमत म्हणजे आधी विचारल्यावर लोकांचा अंदाज नेमका उलटा होता. पण प्रवास कसा झाला याचा फॉर्म गाडीत भरला तो बोलायला गेलेल्याने. समोरच्याचं काय, हे त्यांनी नंतर प्रतीक्षा-खोलीतल्या एका प्रयोगात पाहिलं आणि तिथे त्यालाही बरंच वाटलेलं दिसलं. म्हणजे कुणीच विचारलं नाही असं नाही. मात्र प्रतीक्षा-खोलीला दार असतं आणि लोकलला पुढचं स्टेशन. बर्थवर यातलं काहीच नाही, त्यामुळे तो निष्कर्ष रात्रीच्या प्रवासाला जसाच्या तसा लावणं हा माझा उतावळेपणा झाला.

माझ्याकडून हे कसं घडतं तेही सांगतो. एका लांबच्या विमानात शेजारच्या गृहस्थांना मी त्यांच्या हातातल्या पुस्तकाबद्दल विचारलं. त्यांनी पुस्तक मिटलं, छान हसले, उत्तर दिलं. मी खूश. पाऊण तास बोलत होतो. मधेच कधीतरी लक्ष गेलं तर त्यांची तर्जनी अजून त्याच पानात अडकवलेली! पाऊण तास! पुस्तक मिटलं होतं, सोडलं नव्हतं. हेडफोनचंही तसंच असतं. एका कानावरून जरासा सरकवून हातात धरून ठेवलेला हेडफोन म्हणजे ‘बोला पटकन’, आणि काढून, वायर गुंडाळून खिशात टाकलेला म्हणजे वेगळी गोष्ट. चेहऱ्याकडे बघून मला यातलं काही कळलं नसतं, कारण चेहरा सभ्य असतो. तुमचाही असतो, असं तुम्हीच लिहिलंय.

म्हणून आता मी पहिलं वाक्य असं निवडतो की तिथेच थांबलं तरी कुणाला अवघडू नये. ‘कुठपर्यंत?’ हा आपला पेटंट प्रश्न मी सोडला. एकट्या बाईला तो विचारणं म्हणजे ती कुठे उतरणार हे काढून घेणं, आणि उत्तर न देणं तिलाच उर्मट वाटतं. त्याऐवजी माझी माहिती मी देतो: “मला पहाटे उतरायचंय, चारला अलार्म वाजेल. लगेच बंद करीन.” याला “चालेल” एवढं उत्तर पुरतं. बोलायचं नसेल तर काम झालं. बोलायचं असेल तर माणूस स्वतःहून काहीतरी जोडतोच: “बरं झालं, मलाही त्याच सुमारास उठायचंय, पण मी अलार्म बंद करून परत झोपते.” मी न विचारता आलेलं हे वाढीव वाक्य, तेवढंच मी आमंत्रण मानतो. हसू मोजत नाही. माझ्या एका वाक्यानंतर पुढची पाळी त्यांची, आणि ती आली नाही तर मी माझ्या सामानात डोकं घालतो. दुसरं वाक्य टाकून बघायचं नाही.

तरीही फसू शकतं. निव्वळ सभ्यतेपोटी कुणी “आणि तुम्ही?” विचारतं, आणि ती सभ्यता की कुतूहल, हे मला ओळखता येईल असा दावा नाही. तेव्हा वेळेला कुंपण घालणं हाच काय तो उपाय. गाडीत ते कुंपण आयतं असतं. बर्थ लावायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं. मधला बर्थ वर झाला की खालच्याला ताठ बसताही येत नाही, दिवा मालवला जातो, गप्पा आपोआप संपतात. दिवा मालवल्यानंतर सुरू केलेल्या गप्पांना असा शेवट नाही, म्हणून त्या सुरूच करू नयेत. विमानात मी ट्रे येण्याची वाट बघतो. ट्रे समोर असताना कुणीच झोपत नाही आणि तो उचलला की विषय संपवायला निमित्त मिळतं. उड्डाणानंतरचा एरवीचा वेळ वाईट. इंजिनाच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू येत नाही, मग माणूस आवाज चढवतो किंवा कानाशी झुकतो. झुकणाऱ्याला ते जाणवतही नाही. शेजारणीला काय जाणवत असेल ते तुमच्या प्रतिक्रियेनंतर लक्षात आलं.

संपवायचं कुणी, हा शेवटचा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ ॲडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांचा 2021 चा एक अभ्यास आहे. प्रयोगातल्या शंभर संभाषणांपैकी जेमतेम दोन अशी होती, जी दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपली. आपल्याला थांबायचंय हे दोघंही एकमेकांपासून लपवतात, म्हणून असं होतं. दोन मोकळी माणसं असूनही. तिथे खिडकीपाशी अडकलेल्या, दमलेल्या माणसाने ‘पुरे’ म्हणावं ही अपेक्षाच अन्यायाची. ज्याने सुरू केलं त्यानेच ट्रे उचलला जाताना म्हणावं, “चला, मी जरा डोळे मिटतो,” आणि खरोखर मिटावेत. पुन्हा उघडून “बरं, एक राहिलं...” नाही.

आणि तुमच्या बाजूने: “मी आता झोपते” एवढं एकदा सांगून झाल्यावर समोरचा बोलतच राहिला, तर ती गप्पांची गोष्ट राहिलेली नाही. उत्तर न देता कर्मचाऱ्याला बोलावून जागा बदलून मागा. गाडी किंवा विमान भरलेलं असेल तर जागा मिळेलच असं नाही, पण तिसऱ्या माणसाच्या कानावर गेलेलं असतं, आणि बऱ्याच बडबड्यांना तेवढ्याने अचानक झोप येते.