८ टक्के नाही हो, बरंच जास्त

"वर्षाचं भाडं एकदम दिलं तर एक महिना माफ, म्हणजे ८ टक्केच सुटले ना?"

नाही, महिन्याचं भाडं १०० धरा, आज १२०० ऐवजी ११०० देताय पण त्यातले पहिले १०० तसेही आजच जाणार होते, म्हणजे जास्तीचे अडकले १००० आणि तेही दर महिन्याला १०० ने कमी होत जातात, सरासरी ५०० च्या आसपास. त्यावर १०० वाचले म्हणजे जवळपास २० टक्के, एफडीत एवढं कुठे मिळतं!

पण नवव्या महिन्यात घर सोडावं लागलं आणि रिफंड नसेल तर ९०० च्या जागी ११०० गेले. म्हणून उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्याच, तोंडी नको.