झाकण जास्त वेळ उघडं ठेवल्याने गॅमा सुधारत नाही, बिघडतो

«चंबूतल्या हवेच्या प्रयोगात गॅमा १.४० येत नाही, नेहमी कमीच येतो, कारण हवा दमट असते. झाकण दोन-तीन सेकंद उघडं ठेवा म्हणजे दाब नीट समान होईल. आणि भरपूर रीडिंग घेऊन सरासरी काढा, चूक आपोआप निघून जाते.»

हा सल्ला एकेक करून तपासू. गॅमा म्हणजे हवेच्या स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर. आधी दमटपणा. २७ अंश सेल्सिअसला बाष्पाने पूर्ण भरलेल्या हवेत दर शंभर रेणूंमागे साधारण साडेतीन रेणू पाण्याचे असतात. एवढ्या मिश्रणाचा गॅमा सुमारे १.३९७ निघतो. म्हणजे केवळ बाष्प असल्यामुळे १.३३ वगैरे उत्तर येणं शक्य नाही. खरा धोका वेगळा आहे. चंबूच्या आत पाण्याचे थेंब असतील किंवा हवा संपृक्तीच्या अगदी जवळ असेल, तर झाकण उघडताच हवा प्रसरण पावते त्या क्षणी धुकं धरतं आणि त्यातून सुटणारी उष्णता हवेला पुरेशी गार होऊ देत नाही. चंबूतून प्रकाशझोत सोडला की हे धुकं दिसतं. नसेल दिसत, तर दमटपणाला दोष देऊ नये. दिसत असेल, तर आत कॅल्शियम क्लोराइड ठेवून हवा कोरडी करावी.

झाकणाचा सल्ला मात्र सरळ उलटा आहे, आणि गॅमा खाली ओढणारं एक मोठं कारण तोच ठरतो. दहा लिटरचा चंबू घ्या. आतला दाब बाहेरच्यापेक्षा पाण्याच्या २०० मिलीमीटर स्तंभाइतका जास्त आहे, हा h₁. झाकण, म्हणजे चंबूची तोटी, उघडली की दाब बाहेरच्याइतका होतो आणि उरलेली हवा जेमतेम १.६ अंशांनी गार होते. तोटी बंद केल्यावर ती हवा पुन्हा खोलीच्या तापमानाला येते आणि दाब थोडा चढतो, हा h₂. मग

γ ≈ h₁ / (h₁ − h₂)

म्हणजे h₂ हे त्या १.६ अंशांच्या गारव्याचंच माप आहे. रुंद तोंडाच्या चंबूतून जास्तीची हवा सेकंदाच्या काही शतांशांत निघून जाते. दाब समान व्हायला दोन-तीन सेकंद लागतच नाहीत. त्या वेळात होतं एवढंच की काचेकडून उष्णता घेऊन हवा उबदार होते, फुगते आणि आणखी थोडी बाहेर जाते. बंद करायच्या वेळी गारवा कमी उरलेला असतो, म्हणून h₂ कमी, म्हणून गॅमा कमी.

एक नमुन्याचं उदाहरण पाहू. गारवा दर सेकंदाला सुमारे चार टक्क्यांनी ओसरतो असं धरलं, तर h₁ = २०० मिमी ठेवून १, २ आणि ४ सेकंद उघडं ठेवल्यावर h₂ अनुक्रमे ५४.५, ५२.४ आणि ४८.४ मिमी येईल. गॅमा १.३७५, १.३५५, १.३१९. आता h₂ चा लॉगरिदम काळाविरुद्ध आलेखावर मांडला तर रेषा सरळ येते. ती शून्य सेकंदापर्यंत मागे वाढवली की h₂ ५६.७ मिमी मिळतो. वरच्या सोप्या सूत्राने गॅमा १.३९६. ते सूत्र लहान दाबांसाठीचं अंदाजी रूप आहे. वातावरणाचा दाब १०३३० मिमी धरून पूर्ण लॉगरिदमचं सूत्र वापरलं की १.४० हाती येतं. झाकणाला जास्त वेळ द्यायचाच असेल, तर तो असा द्यावा: मुद्दाम, मोजून, आणि शून्याकडे परत जाण्यासाठी.

सरासरीने हे दुरुस्त का होत नाही, तेही यातून कळतं. उशिरा बंद केलं, h₂ चढून स्थिर होण्याआधी वाचलं, तोटी गळकी असली, तर प्रत्येक वेळी h₂ कमीच येतो. पंपाने हवा भरताना ती तापते. ती निवण्याआधी h₁ वाचून तोटी उघडली तरी तेच. अर्धा अंश उब शिल्लक असली तर h₂ तब्बल १७ मिमीने घटतो आणि गॅमा १.२५ च्या आसपास कोसळतो! सगळ्या चुका एकाच बाजूला ढकलणाऱ्या असताना शंभर रीडिंगची सरासरीही त्याच बाजूला राहते. म्हणून h₁ आणि h₂ दोन्ही वाचताना द्रवाची पातळी सरकायची थांबली आहे, हे पाहावं. बंद चंबूत ती थांबतच नसेल, संथपणे उतरतच राहिली, तर गळती आहे. ती आधी शोधावी.

अतिघाईलाही मर्यादा आहे. तोटी उघडताच तोंडातली हवा स्वतःच्या वेगाने पुढे जाते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित खाली उतरतो, मग परत चढतो. दहा लिटरचा चंबू आणि पाच चौरस सेंटीमीटर तोंड असेल तर असं एक आंदोलन साधारण ५० हर्ट्झ वारंवारतेचं असतं. त्यातल्या नेमक्या कुठल्या क्षणी तोटी मिटली यावर h₂ कमी-जास्त होतो. त्यामुळे आलेखातले बिंदू ही आंदोलनं विरल्यानंतरचे, अर्ध्या सेकंदापासून पुढचे घ्यावेत.