उपविधी करताय? मग एवढं कराच

परवा आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीला नगरपालिकेची नोटीस आली. नाव माझं, गुन्हा कुंडीचा. ‘शहराच्या सौंदर्यास बाधा आणणारी वस्तू दर्शनी भागात ठेवल्याबद्दल’ पाचशे रुपये दंड, आणि खाली पेनाने वाढवलेलं ‘सौंदर्यीकरण शुल्क’ अडीचशे. नोटीस वाचून मी भारावलो. इतका सर्वगुणसंपन्न उपविधी, म्हणजे कायद्याखाली नगरपालिकेने केलेला नियम, करायला साधना लागते. ती तुम्हालाही साधावी, म्हणून हे चार शब्द. तुम्ही नगरसेवक असा, मुख्याधिकारी असा, नाहीतर नुसतेच साहेबांच्या जवळचे असा, उपयोग होईल.

पहिली गोष्ट, मूळ कायदा वाचू नका. वाचला की घोळ होतो. उपविधीला स्वतःची ताकद नसते. विधिमंडळाने कायद्यात ज्या विषयांची यादी दिली, तेवढ्याच विषयांवर तो करता येतो, आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच: मसुदा प्रसिद्ध करा, हरकती मागवा, राज्य सरकारची मंजुरी घ्या. एवढं सगळं कळलं तर हात थरथरतो. नाही कळलं तर सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळच्या विषयात’ पाच मिनिटांत उरकतं.

भाषा धुकट ठेवा. ‘सौंदर्य’, ‘उपद्रव’, ‘अशोभनीय’ हे शब्द फार गुणी. इंग्लंडात एका गावाने ‘रस्त्यावरून जाणाऱ्यांना कोणी मुद्दाम त्रास देऊ नये’ असा उपविधी केला होता. १९०१ साली ‘नॅश विरुद्ध फिनले’ खटल्यात कोर्टाने तो अनिश्चित म्हणून रद्द केला. त्रास म्हणजे नेमकं काय, हे वाचून कळत नाही, तर माणसाने काय करायचं आणि काय टाळायचं? तिथले लोक फार चिकित्सक. आपल्याकडे हे सगळं इन्स्पेक्टरला कळतं, आणि त्याला कळलं की झालं. माझ्या कुंडीने सौंदर्याला बाधा येते, पण समोरच्या चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचा वीस फुटी फ्लेक्स आहे, त्याने येत नाही. त्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो आहे ते विचारू नका.

परवानगी लागेल असं लिहा, मिळेल कशी ते लिहू नका. उत्तर प्रदेशातल्या कैरानाच्या नगरपालिकेने हेच केलं होतं. घाऊक भाजीच्या धंद्याला बोर्डाची परवानगी हवी, पण परवाना देण्याची तरतूदच उपविधीत नाही, आणि मक्ता आधीच एकाला देऊन टाकलेला. १९५० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही परवानगी नव्हे, ही सरळ बंदी आहे. तेव्हा फॉर्म छापू नका, छापलात तर संपलेत म्हणा.

आणि आता शुल्क. इथे जरा थांबतो, कारण माझे अडीचशे इथेच गेलेत.

कैरानाच्याच जिल्ह्यातलं, तेव्हाच्या मुजफ्फरनगरचं जलालाबाद. तिथे एक अडत्या स्वतःच्या दुकानात भाजी-फळांचा घाऊक धंदा करायचा. शेतकरी माल आणायचे, हा लिलाव करायचा, रुपयामागे एक आणा अडत घ्यायचा. टाऊन एरिया कमिटीने उपविधी केला की घाऊक विक्री करायची तर ठरलेली फी कमिटीच्या मक्तेदाराकडे भरायची. फी किती? रुपयामागे एक आणा. म्हणजे दुकान त्याचं, घाम त्याचा, लिलावाची ओरड त्याची, आणि अडत अख्खी मक्तेदाराच्या खिशात! कायद्यात काय होतं? कमिटीच्या मालकीची जागा वापरली तर त्या वापराची फी घेता येईल. इथे जागा कमिटीची नव्हतीच. परवान्याची फी म्हणावी, तर ही प्रत्येक विक्रीवर बसत होती. अडत्या थेट सुप्रीम कोर्टात गेला. ‘मोहम्मद यासीन विरुद्ध टाऊन एरिया कमिटी, जलालाबाद’, १९५२. कोर्ट म्हणालं, कायद्याने जी फी घ्यायचा अधिकार दिलेला नाही ती बेकायदा वसुली, आणि अशी वसुली म्हणजे धंद्याच्या मूलभूत हक्कावर बेकायदा बंधन. उपविधी गेला.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाने विकास शुल्क लावलं तेव्हाही तेच. शुल्क लावण्याचा अधिकार कायद्यात स्पष्ट हवा, तो गृहीत धरता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं. म्हणजे १९५२ पासून हे माहीत आहे. आणि तरी माझ्या पावतीवर पेनाने अडीचशे! कुठलं कलम, विचारलं. काउंटरवरचा म्हणाला, “काका, सगळे भरतात.” सगळे भरतात हे कलम कुठल्या कायद्यात आहे, बाबा?

असो. सल्ला चालू ठेवतो.

वरच्या कायद्याने जे करायला मुभा दिली, ते उपविधीने खुशाल बंद करा. केंद्राचा २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो, सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणा विक्रेत्याला हटवायचं नाही. तुम्ही उपविधीत लिहा, ‘पदपथावर विक्री आढळल्यास तत्काळ हटवण्यात येईल’. उपविधी कायद्यात भर घालू शकतो, त्याच्या उलटं बोलू शकत नाही, हे गाडीवाल्याला कोण सांगणार?

वाजवीपणाची मात्र धास्ती नको. इथे कोर्ट खरोखर तुमच्या बाजूने झुकतं. १८९८ चा ‘क्रूस विरुद्ध जॉन्सन’ घ्या. केंट काउंटीचा उपविधी होता: घरापासून पन्नास यार्डांच्या आत, पोलिसाने किंवा घरच्यांनी थांबायला सांगितल्यावर, रस्त्यात गायचं-वाजवायचं नाही. क्रूस गात राहिला. कोर्टाने उपविधी टिकवला. मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड रसेल म्हणाले, लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेचा उपविधी सहानुभूतीने वाचावा, न्यायाधीशाला तो फार कडक वाटला एवढ्यावर तो अवाजवी ठरत नाही. एका वर्गाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, उघड अन्याय, दुष्ट हेतू, किंवा कुठल्याही समंजस माणसाला न पटणारी जुलमी ढवळाढवळ असेल, तरच तो जाईल. आपल्याकडे यात घटनेचं समानतेचं कलम १४ आणि स्वातंत्र्याचं कलम १९ आलं, पण हा कल राहिलाच.

आणि हीच सवलत तुम्ही लोक ओरबाडता. सहानुभूती दिली ती गावाची गरज गावाला कळते म्हणून. तुम्ही गावाची गरज बघून उपविधी करता? दुसऱ्या नगरपालिकेचा मसुदा उचलता, गावाचं नाव बदलता, कधीकधी तेही विसरता. कुंडीवर दंड आणि फ्लेक्सला अभय, हा एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय नाही तर काय आहे? पाचशे रुपयांसाठी कोणी हायकोर्टात रिट करणार नाही, वकिलाची पहिली फीच त्याच्या कितीतरी पट होते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. त्या हिशोबावरच हे सगळं चाललंय. लाज वाटली पाहिजे.

आणि भरणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. पावती खिशात घालून कट्ट्यावर शिव्या देऊन काय होणार? माहिती अधिकारात साधा अर्ज करा. हा उपविधी कुठल्या कलमाखाली केला, मसुदा कधी प्रसिद्ध झाला, सरकारची मंजुरी कुठल्या तारखेची, राजपत्राची प्रत द्या, शुल्काचं कलम वेगळं दाखवा. यातलं एखादं उत्तर आलं नाही, तर तेच लेखी हरकतीत लिहा आणि पुढचा दंड भरू नका. खटला भरला तर कोर्टात बचाव म्हणून तेच मांडा, क्रूसनेही उपविधीला आव्हान दिलं ते आरोपी म्हणूनच. मी अर्ज टाकलाय. माझ्या सोसायटीत बाकी कोणी टाकायला तयार नाही. सगळ्यांनी कुंड्या आत घेतल्यात.