पोटरी आंबणे वेगळे, पोटरी फाटणे वेगळे

“पहिल्यांदा धावल्यावर पोटरी दुखते ती लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे. दुसऱ्या दिवशी ती जोरात चोळा, ताणा आणि पुन्हा तेवढेच धावा, म्हणजे ॲसिड निघून जाते.”

पाय ‘आंबले’ असे आपण म्हणतोच, त्यामुळे आम्लाची ही गोष्ट सहज पटते. पण धावताना वाढलेले लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचे शरीरातले रूप, साधारण तासाभरात पूर्ववत होते आणि हे दुखणे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. पाऊल टेकताना पोटरीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, आणि या अनोळखी कामामुळे त्याच्या तंतूंना जी सूक्ष्म इजा होते, तिच्या दुरुस्तीचे हे दुखणे आहे. ते सहसा दोन्ही पायांत आणि पोटरीभर पसरलेले असते, थोडे चालल्यावर सैल पडते आणि आठवड्याभरात जाते.

चोळण्याचा सल्ला मात्र धोक्याचा आहे, कारण तो देणारा दुखणे नेमके केव्हा सुरू झाले हे विचारतच नाही. समजा, चाळिशीतील एक गृहस्थ पहिल्याच दिवशी चढावर धावत असताना मागून कोणी दगड मारल्यासारखे त्यांना वाटले, वळून पाहिले तर कोणीच नव्हते, आणि तेथून ते लंगडतच घरी आले. ही आंबलेली पोटरी नव्हे. अशा वेळी बहुधा पोटरीच्या आतल्या बाजूला, स्नायू जेथे कंडरेला मिळतो तेथे, तंतू फाटलेले असतात. बोटाने दाबल्यास एकच जागा कळवळून दुखते, टाचा उचलवत नाहीत आणि एक-दोन दिवसांत काळेनिळे रक्त घोट्याकडे उतरते. पहिले काही दिवस अशी पोटरी चोळली, शेकली किंवा जोराने ताणली तर आतला रक्तस्राव वाढू शकतो. तिला बँडेजचा हलका दाब, उंचावर ठेवलेला पाय आणि डॉक्टरांची तपासणी हवी. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते, म्हणून तिला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पुन्हा तेवढेच धावण्याविषयी बोलायचे, तर नुसत्या आंबलेल्या पायाला पूर्ण विश्रांती लागत नाही, सपाटीवरचे हलके चालणे त्याला मानवते. पायऱ्या उतरताना दुखेनासे झाले, की एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे वीस मिनिटे, एक दिवसाआड करावे. फाटलेल्या पोटरीला सौम्य इजेतही काही आठवडे लागू शकतात. अर्धा तास भरभर चालता येणे आणि दुखऱ्या एकाच पायावर उभे राहून टाच वीसेक वेळा न दुखता उचलता येणे, या दोन्ही गोष्टी साधण्याआधी धावू नये. दुखणे थांबले म्हणून लगेच धावणाऱ्याची पोटरी पुष्कळदा त्याच जागी पुन्हा फाटते.