कांदा की झाकण

"पहिलीतल्या पोराच्या डोक्यावर तीन भाषा म्हणजे अत्याचार आहे. आणि तुम्ही तिकडे हौसेने रशियन वाचायला शिकवताय?" हे आमच्या चुलतभावाचं, घरच्या ग्रुपवर.

तिसऱ्या भाषेचा जीआर जून 2025 मध्ये मागे घेतला, पण आमच्या ग्रुपवर वाद काही मिटत नाही. अरे, सक्तीचा विषय आणि आईची भाषा एक कशी होईल? पोरगा सहा वर्षांचा आहे, आजीशी दिवसभर रशियनमध्येच भांडतो, फक्त वाचता येत नव्हतं.

चूक मीच केली, अक्षरांची नावं पाठ करून घेतली, मग तो एम आणि आ दिसलं की "एमा" वाचायचा. सासूबाईंचा जन्म पहिलीला शिकवण्यात गेलाय, त्या म्हणाल्या नावं बंद, अख्खा तुकडा दाखव. म, स, ल, न एवढेच घेतले, कारण त्यांचा आवाज लांबवता येतो, ममम-आ. मा, मो, मू ची कार्डं जमिनीवर टाकायची, मी ओरडलो की त्याने त्यावर उडी मारायची. मी खूश, म्हटलं ही तर आपली बाराखडी!

अर्धंच खरं निघालं. आपल्याकडे काना-मात्रा व्यंजनाला चिकटतात, इथे स्वर वेगळं अक्षर असतं आणि आधीचं व्यंजन मऊ की कडक हेही बहुतेक तेच सांगतं. लूक म्हणजे कांदा, ल्यूक म्हणजे रस्त्यावरच्या गटाराचं झाकण. फरक एका स्वराचा. मी वाचलं तर पोरगा म्हणतो, "बाबा, हा कांदा नाहीये!" माझा ल्यू म्हणजे ल ला य जोडलेला, त्यांचा ल मुळातच मऊ, अजून जमत नाही मला.

चित्रांच्या पुस्तकात वेगळीच गंमत. मांजराचं चित्र बघून तो धडाधड "कोश्का" म्हणाला, खाली छापलं होतं "कोत", म्हणजे बोका. वाचतच नव्हता, ओळखत होता. आता चित्रावर हात, आधी शब्द, मग हात उचलायचा.

दूध लिहितात मोलोको, बोलतात साधारण मलाको, जोर शेवटच्या को वर. तो मो-लो-को वाचून गप्प बसला, शब्द लागलाच नाही. मी म्हटलं बरोबर वाचलंस, बायको म्हणाली आता आईसारखं म्हण, तेव्हा उजेड पडला. बायकोला वाटतं अशा शब्दांची घाई नको, सासूबाईंना वाटतं आत्ताच हवी, तो वाद चालू आहे.

चुलतभावाला हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं. त्याने एकच विचारलं, "मराठी वाचतो का रे तो?"

दोन दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही. मराठीची कार्डं अजून कापलेली नाहीत, पुठ्ठा आहे घरात.