झिंकच्या तीन गोळ्या, एक बेरीज

“झिंक जितकं जास्त तितकी प्रतिकारशक्ती चांगली. दिवसाला ४० मि.ग्रॅ. चालतं, आणि माझ्या प्रत्येक गोळीत त्यापेक्षा कमीच आहे. जास्तीचं लघवीतून निघून जातं,” असं बरेच जण म्हणतात.

४० हा आकडा कुठून आला ते आधी बघू. एका अभ्यासात स्त्रियांना दहा आठवडे रोज ५० मि.ग्रॅ. झिंक दिलं. आहारातलं सुमारे १० धरून एकूण ६० झालं, आणि तांब्यावर चालणारं एक विकर त्यांच्या रक्तपेशींत मंदावलेलं दिसलं. ६० ला दीडने भागून ४० ठरवलं. म्हणजे निरोगी प्रौढाने रोज, दीर्घकाळ, अन्न आणि गोळ्या मिळून ओलांडू नये अशी ही रेघ आहे. तिथपर्यंत पोचायचं उद्दिष्ट नव्हे. आपल्याकडे पुरुषाची शिफारस १७ मि.ग्रॅ.ची आहे.

डॉक्टरांनी दिलेल्या उपचाराला मात्र ही रेघ लागू नाही. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरच्या बाळाला १४ दिवस २० मि.ग्रॅ. झिंक देतात, तेव्हा ते त्याच्या वयाच्या मर्यादेपलीकडेच असतं. पण ते ठरावीक दिवसांपुरतं असतं.

आता “प्रत्येक गोळीत कमीच” याची बेरीज करू. एक मल्टिव्हिटॅमिन, २२ मि.ग्रॅ. तोंड आलं म्हणून सुरू झालेलं आणि मग बंद करायचं राहून गेलेलं झिंकवालं बी-कॉम्प्लेक्स, १५. चघळायची सी-झिंक गोळी, १०. जेवणातून १०. एकूण ५७. ज्या ६० वर परिणाम दिसला होता, त्याच्या अगदी शेजारी. ही भर लक्षात येत नाही, कारण तिन्ही पाकिटांवरची नावं वेगळी असतात. शिवाय लेबलवर कधी झिंकच्या संपूर्ण संयुगाचं वजन असतं: ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ४१ मि.ग्रॅ.’ म्हणजे प्रत्यक्ष झिंक सुमारे १५. बेरजेला प्रत्यक्ष झिंकचाच आकडा घ्या.

लघवीचं म्हणाल, तर झिंक मुख्यतः शौचावाटे जातं आणि खरी अडचण त्याआधी, आतड्यातच होते. झिंक वाढलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन जास्त बनवतात. ते झिंकपेक्षा तांब्याला घट्ट धरून ठेवतं. काही दिवसांनी त्या पेशी झडतात आणि तांबं त्यांच्याबरोबर शौचात जातं. शरीरात तांबं साठत जातं अशा विल्सनच्या आजारात ते कमी करायला झिंक देतात ते याच कारणाने.

त्यामुळे महिनोन्‌महिने जास्त झिंक घेणाऱ्याला तांबं कमी पडून लोह देऊनही न हटणारा रक्तक्षय होऊ शकतो, पांढऱ्या पेशी घटू शकतात, पाय बधिर होऊन चाल डळमळू शकते. हे हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखं दिसतं, म्हणून आणखी एक गोळी वाढण्याची भीती असते, आणि तिच्यातही झिंक असू शकतं! अशा वेळी डॉक्टरांना सगळी पाकिटं दाखवा आणि रक्तातलं तांबं, ते वाहून नेणारं प्रथिन सेरुलोप्लाझमिन व झिंक तपासायचं का ते विचारा. झिंक थांबवून तांबं भरून काढलं की रक्त बहुधा सुधारतं. नसांचं नुकसान मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही.