मोटारी एकदम बंद झाल्यावर धक्का कोणते केंद्र सोसते?

गावोगावच्या गटांत फिरणारा संदेश असा आहे: "शेतीचे फीडर एकदम बंद केले की उरलेली वीज जवळच्या केंद्राकडे उलटी जाते. त्यामुळे सगळा धक्का एकट्या चंद्रपूर-कोराडीला बसतो. फ्रिक्वेन्सी परत ५० होईपर्यंत तिथला गव्हर्नर वाफ कापत राहतो आणि तोवर इकडे व्होल्टेज वाढून आपल्या मोटारी जळतात."

रब्बीत हरभऱ्याला किंवा वरुड-मोर्शीकडे संत्र्याला पाणी देताना लाईन गेली की हा संदेश हमखास पुढे पाठवला जातो. त्यातील चारही विधाने तपासण्यासारखी आहेत. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या विधानाला अधिक जागा द्यावी लागेल, कारण जनित्रे आपसांत भार कसा वाटून घेतात हा मूळ प्रश्न तिथेच आहे.

पहिल्या विधानाचे उत्तर थोडक्यात देता येते. उरलेली वीज नावाची वस्तू तारांमध्ये कुठेही साठून राहत नाही, त्यामुळे ती परत जाण्याचा प्रश्नच येत नाही. मोटारी बंद झाल्या त्या क्षणी जनित्रातून बाहेर पडणारी वीज कमी होते. पण टर्बाइनवर येणारी वाफ किंवा पाणी त्या क्षणी तेवढेच असते. या दोहोंतील फरक फिरत्या रोटरमध्ये जातो आणि रोटर किंचित वेगाने फिरू लागतो. औष्णिक संचाचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असताना फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ असते. ३०१५ फेरे झाले की ती ५०.२५ होते. केंद्रात 'परत' येतो तो एवढा वाढलेला वेग, आणि तोच गव्हर्नरला, म्हणजे वेग पाहून वाफेची किंवा पाण्याची झडप कमी-अधिक उघडणाऱ्या यंत्रणेला, दिसतो.

दुसऱ्या विधानात खऱ्याचा एक तुकडा आहे, आणि त्यामुळेच ते पटकन पटते. भार सुटल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत, म्हणजे सेकंदाच्या लहानशा अंशात, विद्युतदृष्ट्या जवळ असलेल्या जनित्रांवरचा भार अधिक उतरतो. परंतु हा नियम तेवढ्याच वेळेपुरता टिकतो. जवळची यंत्रे जरा पुढे धावू लागली की त्यांचा आणि दूरच्या यंत्रांचा कोन बदलतो, तारांमधून जाणारी वीज बदलते आणि सगळी यंत्रे पुन्हा एका वेगावर ओढली जातात. मग प्रत्येकाचा वाटा त्याच्या फिरत्या वस्तुमानाच्या जडत्वावर ठरतो. आणखी काही सेकंदांनी गव्हर्नर झडपा मिटू लागतात, आणि तेथून पुढे अंतराला काहीच महत्त्व उरत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी समकालिक जोडले गेल्यापासून संपूर्ण भारताची फ्रिक्वेन्सी एकच आहे. त्यामुळे आर्वीत सुटलेल्या भाराची खबर केरळातील जलविद्युत संचाच्या गव्हर्नरलाही तितकीच लागते.

गव्हर्नर जी वाटणी करतो तिचा पाया म्हणजे ड्रूप. ड्रूप ५ टक्के असणे याचा अर्थ असा की फ्रिक्वेन्सी ५० च्या ५ टक्क्यांनी, म्हणजे २.५ हर्ट्झने बदलली, तर संच आपल्या पूर्ण क्षमतेएवढा बदल करील. त्याहून कमी फरक पडला तर त्याच प्रमाणात कमी. हे आकड्यांत पाहण्यासाठी एक लहानसे वेगळे जाळे कल्पून घेऊ. प्रत्यक्षात ही केंद्रे अशी एकटी चालत नाहीत, पण संचांचे आकार ओळखीचे घेतले आहेत: चंद्रपूरसारखा एक ५०० मेगावॅटचा, खापरखेड्यासारखा एक २१० चा, आणि पेंच प्रकल्पाच्या तोतलाडोह येथील संचासारखा एक ८० चा. तिघांचा ड्रूप ५ टक्के आहे आणि ते अनुक्रमे ४००, १६० व ६० मेगावॅट देत आहेत. आता ७९ मेगावॅटचा भार एकाएकी सुटला.

तिघांची मिळून क्षमता ७९० आहे, म्हणजे प्रत्येक हर्ट्झमागे ते एकत्रितपणे ३१६ मेगावॅट कमी करू शकतात. ७९ मेगावॅट कमी व्हायला फ्रिक्वेन्सी ०.२५ हर्ट्झने वाढावी लागेल. मोठा संच ५० मेगावॅट उतरतो, मधला २१ आणि लहान ८. नवे आकडे ३५०, १३९ आणि ५२, एकूण ५४१. या हिशेबात कोणता संच कोणत्या गावाजवळ आहे हे कुठेही विचारावे लागले नाही, आणि कोण आधी किती देत होता हेही नाही. वाटा ठरला तो क्षमतेवर आणि ड्रूपवर. लहान संचाचा ड्रूप १० टक्के ठेवला असता तर त्याचा वाटा जवळपास निम्मा होऊन उरलेले ओझे दोघांवर गेले असते आणि फ्रिक्वेन्सी थोडी अधिक वाढली असती.

हे सारे कागदावर जितके नीट दिसते तितके केंद्रात नेहमी घडत नाही. समजा, मोठा संच आधीच तांत्रिक किमान भारावर, म्हणजे क्षमतेच्या ५५ टक्क्यांवर चालत होता आणि त्याखाली उतरू शकत नव्हता, किंवा त्याचा गव्हर्नर प्रतिसादाबाहेर ठेवला होता. मग उरलेल्या दोघांची ताकद हर्ट्झमागे केवळ ११६ मेगावॅट राहते, फ्रिक्वेन्सी ५०.६८ वर जाते आणि २१० च्या संचाला सुमारे ५७ मेगावॅट उतरावे लागतात. तो १६० वरून १०३ वर येतो, जे त्याच्या स्वतःच्या ११५ च्या किमान भाराहून कमी आहे; तिथे ज्योत स्थिर राखायला तेल पेटवावे लागू शकते. म्हणजे एका केंद्राला अधिक धक्का बसणे शक्य आहे, पण त्याचे कारण जवळिकीत नसून दुसऱ्या कुणीतरी आपला वाटा न उचलण्यात आहे.

औष्णिक संच वाटा उचलतो आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. फ्रिक्वेन्सी आणि मेगावॅट यांचे सेकंदागणिक आलेख एकाखाली एक ठेवावेत. गव्हर्नर झडप काही सेकंदांत मिटवतो, पण बॉयलरमधला कोळसा तितक्या लवकर कमी होत नाही, त्यामुळे वाफेचा दाब चढतो. बॉयलरची नियंत्रण प्रणाली दाब राखण्यालाच प्राधान्य देत असेल तर ती झडप पुन्हा उघडते. मग आलेखात मेगावॅट आधी उतरलेले आणि मिनिटाभरात फ्रिक्वेन्सी अजून वर असतानाच परत चढलेले दिसतात. कागदोपत्री गव्हर्नर चालू असतो. जाळ्याला त्याचा उपयोग मात्र होत नाही. माझ्या मते या विषयात चर्चेला घेण्यासारखी खरी तक्रार हीच आहे, आणि नेमकी तीच संदेशात नाही.

तिसऱ्या विधानातील चूक आपल्या उदाहरणातच दिसून येते. वाटणी पूर्ण झाली तेव्हा फ्रिक्वेन्सी ५०.२५ होती, ५० नव्हे. ड्रूपवर चालणारा गव्हर्नर वाढ थांबवतो, मूळ जागी परत आणत नाही; कारण फ्रिक्वेन्सी ५० वर आली तर त्याला वाफ कमी ठेवण्याचे कारणच उरणार नाही. तो ५० वर आणेपर्यंत झटत राहील असाही बनवता येतो, पण तसे दोन गव्हर्नर एका जाळ्यात असले तर ते एका जुवाला जुंपलेल्या, पण ज्याला त्याला आपलीच चाकोरी खरी वाटणाऱ्या बैलांसारखे वागतात: मोजमापातील अत्यल्प फरकामुळे एक भार वाढवत जातो आणि दुसरा उतरवत जातो. वाटणी स्थिर राहावी यासाठीच ५० पासूनचा हा थोडासा फरक मुद्दाम सोसला जातो. भारतीय वीज जाळे संहितेत ड्रूप ३ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याची अपेक्षा आहे, आणि ०.०३ हर्ट्झपर्यंतच्या चढउताराकडे गव्हर्नरने दुर्लक्ष करण्यास मुभा आहे.

५० कडे परत आणण्याचे काम त्यानंतरच्या थराचे आहे. भारप्रेषण केंद्रातील संगणक प्रत्येक विभागाच्या सीमेवरून ठरल्यापेक्षा किती वीज कमी-अधिक वाहते आहे आणि फ्रिक्वेन्सी किती सरकली आहे हे एकत्र पाहतो, आणि दर काही सेकंदांनी निवडक संचांना त्यांचा आधारबिंदू, म्हणजे फ्रिक्वेन्सी ५० असताना किती मेगावॅट द्यायचे तो आकडा, वर किंवा खाली घेण्याचा संदेश पाठवतो. आपल्या जिल्ह्यांतील वाचकांना हे सांगायला हवे की या स्वयंचलित पद्धतीचे सुरुवातीचे प्रयोग देशात झाले, तेव्हा पश्चिम विभागातून नागपूर जिल्ह्यातील मौद्याचे एनटीपीसी केंद्र त्यासाठी घेतले गेले होते. आपल्या उदाहरणात असा संदेश एकट्या जलविद्युत संचाला गेला, तर शेवटी औष्णिक संच जवळपास जुन्या भारावर परतू शकतात. म्हणजे शेवटचा वाटा कुणी उचलायचा, हे माणसांनी आखलेल्या क्रमावर ठरते.

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे पंचवीस मिनिटांत ३१,००० मेगावॅटच्या आसपास घटली आणि फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या आत राहिली. हे श्रेय केवळ गव्हर्नरांना देणे बरोबर नाही, कारण वेळ आधीच माहीत होती आणि जलविद्युत संच ठरवून झपाट्याने उतरवले गेले. तरीही एका फीडरचा हिशेब त्याशेजारी ठेवून पाहावा. पाच अश्वशक्तीच्या सहाशे मोटारी मिळून सव्वादोन मेगावॅटच्या आसपास भार होतो. जाळ्याचा प्रतिसाद हर्ट्झमागे १०,००० मेगावॅट धरला तर एवढ्याने फ्रिक्वेन्सी हर्ट्झच्या चार हजाराव्या भागाहूनही कमी सरकते. गव्हर्नर याची दखलही घेत नाही.

राहिला मोटारी जळण्याचा मुद्दा. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी या वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रिक्वेन्सी साऱ्या देशाची एक असते. व्होल्टेज मात्र तुमच्या उपकेंद्राचे, फीडरचे आणि डीपीचे असते. भार सुटला की शेजारच्या, चालू राहिलेल्या फीडरवर व्होल्टेज काही काळ चढते, विशेषतः उपकेंद्रातील कपॅसिटर जोडलेले राहिले असतील तर. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलला की ते खाली येते. ज्या मोटारींचा फीडर बंद झाला, त्यांच्यापर्यंत हे व्होल्टेज पोहोचतच नाही. शेतातील मोटार बहुधा जळते ती एक फेज गेल्याने किंवा दीर्घकाळच्या कमी व्होल्टेजने, आणि त्यातला मोठा भाग लाईन परत येते त्या घडीचा असतो: डीपीवरच्या साऱ्या मोटारी ऑटो स्टार्टरमुळे एकाच क्षणी सुरू होतात, प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, व्होल्टेज बसते आणि एकही मोटार नीट वेग घेत नाही. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापल्या स्टार्टरची सुरू होण्याची वेळ अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने मागेपुढे लावली आणि फेज गेल्यास मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसवला, तर हे टळते.